केबिन बॅगेतून निघालेला कोट आणि साडी दर वेळी चुरगळलेली का असते?

घरून निघताना कडक इस्त्री, नीट घडी, वर पातळ कागद. पोहोचल्यावर बॅग उघडली की कोटाच्या पोटावर आडवी रेघ आणि साडीच्या पदरावर चौकटी. आमच्या घरात हे इतक्यांदा झालं की मी सगळा दोष बॅगेला दिला आणि दोनदा बॅग बदलली. नव्या बॅगेतूनही तीच रेघ निघाली.

मग एकदा कोट कमरेला थोडा सैल करून घ्यायला शिंप्याकडे नेला. मास्तरांनी तो उलगडला, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ट्रॉलीच्या बॅगेत तळाशी ठेवता ना?" पाठीवर वीतभर अंतराने दोन उभ्या, फिकट चुण्या होत्या. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या, कारण पाठ मला दिसत नाही. ओढायच्या दांड्याच्या दोन नळ्या बॅगेच्या तळातून जातात, त्यांचे उंचवटे आतल्या बाजूला येतात, आणि कोट तासन् तास त्यावर दाबून पडलेला असतो. मास्तर म्हणाले, "चुणी कुठं पडली ते बघायचं. जागा कळली की कारण कळतं."

तेव्हापासून मी आधी चुणी बघतो. पोटावर किंवा मांडीवर एकच ठळक, सरळ रेघ असेल तर घडी पोकळीशिवाय घातली होती आणि वर वजन होतं. सगळीकडे बारीक, दिशा नसलेल्या चुण्या असतील तर दाब नव्हे, मोकळी जागा नडली: बॅग अर्धी रिकामी होती आणि कपडा आत घसरत राहिला. हे लोकांना खरं वाटत नाही, पण सैल भरलेली बॅग गच्च भरलेल्या बॅगेइतकीच वाईट. पाठीवर दोन समांतर रेघा म्हणजे दांड्याच्या नळ्या. आणि गारमेंट बॅग वापरूनही कोटाच्या खालच्या घेरात चुण्यांचा ढीग साचला असेल, तर कोट हँगरवरून घसरून खाली बसला होता.

इस्त्री केल्या केल्या घडी घालू नका

चुणी पक्की व्हायला तीव्र मोड, दाब आणि वेळ लागतो, पण यांच्या जोडीला ओल आणि ऊब मिळाली की काम फार लवकर होतं. लोकर आणि रेशीम हवेतला ओलावा धरून ठेवतात. तंतूच्या आतले बंध ओलाव्याने सैल होतात आणि कोरडे होताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा धरतात. वाफेची इस्त्री याच गोष्टीचा फायदा घेते. म्हणून कपडा इस्त्रीवरून काढून कोमट असतानाच दुमडला, तर आपण घडीच इस्त्री करून देतो. रात्री उशिरा इस्त्री आणि लगेच बॅग, ही आमच्याकडची सवय होती. आता इस्त्री आदल्या दिवशी. कोट हँगरवर आणि साडी दांडीवर रात्रभर मोकळी राहते, आणि हाताला पूर्ण थंड, कोरडी लागली की मगच बॅगेत जाते. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या कुठल्याच युक्तीने पडला नाही.

पॉलिस्टरचं गणित वेगळं आहे. ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्यामुळे त्याला चुणी सहजासहजी पडत नाही, पण उष्णतेत दाबून पक्की पडली तर नुसत्या ओलाव्याने जात नाही, इस्त्रीच लागते. पोहोचल्यावरच्या उपायांत याचा उपयोग होईल, म्हणून सूट कशाचा आहे ते आतल्या पट्टीवर आधीच वाचून ठेवा.

कोट: मोड कुठे पाडायचा ते आपण ठरवायचं

पुरुषाच्या मध्यम मापाच्या कोटाची लांबी साधारण ७५ सेंटिमीटर असते. केबिन बॅग बाहेरून ५५ सेंटिमीटर लांब धरली तरी चाकं आणि दांड्याची जागा वजा जाता आत ५० च्या आतबाहेर उरते. म्हणजे कोट एकदा मोडावाच लागणार. प्रश्न एवढाच की कुठे. बहुतेक जण तो बरोब्बर मधोमध दुमडतात, आणि मध्य येतो नेमका बटणापाशी, जिथे समोरच्याची नजर जाते. त्याऐवजी फक्त खालचा २० ते २५ सेंटिमीटर भाग वर घ्या. मोड खिशाच्या खाली जातो, तिथे कापड सैल असतं आणि उभं राहिल्यावर वजनाने ते आपोआप ताणलं जातं.

त्याआधी कोट उभा अर्धा करायचा. खिसे रिकामे करा, बटणं उघडा, कॉलर उभी करा. दोन्ही हात खांद्यांच्या आत घालून कोट समोर धरा. डावा खांदा आतून बाहेर काढा, म्हणजे तेवढा भाग उलटा होऊन अस्तर वर येईल. बाही ओढून बाहेर काढायची नाही, ती आतच सरळ राहू द्यायची. आता उजवा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या वाटीत बसवा. एका हातावर दुसऱ्या हाताची ओंजळ बसावी तसे दोन्ही खांदे एकमेकांत बसतात. कॉलर धरून एकदा झटका, म्हणजे पाठीची मधली शिवण एका कडेला येते आणि दोन्ही लॅपल एकमेकांवर पडतात. आता कोटाची सुलट बाजू आत आहे, बाहेर सगळं अस्तर. घासलं जाईल ते अस्तर, आणि उभी घडी पडेल ती मुळातच जोड असलेल्या शिवणीवर.

पहिल्या दोन-तीन वेळा बाही आत गोळा होते. हात घालून ती खालपर्यंत सरळ करा. ही बाही गोळा राहिली तर तिचा ठसा समोरच्या भागावर उमटतो, आणि तो कुठून आला हे शोधत बसायला होतं.

खांद्याच्या वाटीत पॅड असतं. ते चेपलं की खांदा खडबडीत दिसतो आणि इस्त्रीने सहज सुधारत नाही. मऊ बनियनची किंवा मोज्यांची गुंडाळी त्या वाटीत बसवा. लॅपल मात्र दाबून सपाट करायची नाही. चांगल्या कोटाची लॅपल वळलेली असते, मोडलेली नसते. तिच्या वळणाखाली पातळ मलमलची किंवा टिश्यू पेपरची सैल सुरळी ठेवली की वळण टिकतं.

आता बॅग भरायची. सगळ्यात आधी तळातल्या नळ्यांच्या मधले खड्डे मोजे, बनियन यांनी भरून तळ सपाट करा आणि तळहात फिरवून बघा. उंचवटा हाताला लागला तर कोटालाही लागेल. बूट चाकांच्या टोकाला. बॅग उभी राहते तेव्हा सगळं वजन तिकडेच जातं, म्हणून जड वस्तू आधीच तिथे असली की ती सुटावर सरकून येत नाही.

यावर पँट तिच्या इस्त्रीच्या घडीत ठेवा: कंबर बॅगेच्या एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकावरून बाहेर लोंबते. तिच्यावर कोट उलट दिशेने: कॉलर पँटचे पाय बाहेर गेले त्या टोकाला, घेर समोरच्या टोकावरून बाहेर. मध्ये टी-शर्ट, स्वेटर असे मऊ कपडे गुंडाळून मनगटाएवढी जाड गादी. आता कोटाचा घेर त्या गादीवरून वर घ्या, आणि सगळ्यात शेवटी पँटचे पाय त्या सगळ्यावरून. दोन्ही कपड्यांत आता कागदासारखा मोड कुठेच नाही, फक्त गोलाई आहे. घडीची रेघ पडते ती कापड स्वतःवर चपट बसल्यामुळे. सहा-सात सेंटिमीटर जाडीच्या मऊ वस्तूवरून वळलेलं कापड सुटलं की परत सरळ होतं.

कोट आणि पँटच्या मध्ये ड्रायक्लीनिंगहून येणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायचा सल्ला बरेच जण देतात, आणि तो खरा आहे. कापडावर कापड अडकतं, चुणी तिथे जन्मते. प्लॅस्टिकवरून ते घसरतं. फक्त ती प्रवासापुरती. पोहोचल्यावर फेकून द्या, कपाटात तशीच ठेवू नका, आत ओल कोंडते.

आतले पट्टे एक बोट खालून सहज जाईल इतकेच आवळा. झाकण लावायला बॅगेवर गुडघा ठेवावा लागत असेल तर काहीतरी काढा. आणि हलवल्यावर आत काही सरकत असेल तर एखादा टॉवेल भरा.

साडी: चौकटी येतात कुठून

साडेपाच मीटरची साडी आपण रुंदीत अर्धी करतो आणि मग लांबीत चार वेळा अर्धी करत जातो. अशा घडीत ३२ थर होतात आणि साडीवर एक आडवी आणि १५ उभ्या रेघा पडतात. कपाटात ही घडी ठीक आहे, तिच्यावर वजन नसतं. बॅगेत याच घडीवर बुटांचं आणि चार्जरचं वजन येतं. त्यातही साडी जरीची असेल तर मामला गंभीर. जर म्हणजे रेशमी किंवा सुती दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची चपटी तार. रेशीम मोडलं तर पुन्हा उभं राहतं, तार वाकली ती वाकलीच. पदरावरची घडी वर्षानुवर्षं एकाच जागी पडली की तिथेच पुढे साडी फाटते, ते याचमुळे.

म्हणून जरीची साडी बॅगेत घडी घालून न्यायचीच नाही, गुंडाळून न्यायची. गुंडाळायला पाइप शोधत बसू नका. एक टॉवेल ४० सेंटिमीटर लांब आणि सात-आठ सेंटिमीटर जाड असा घट्ट गुंडाळा आणि त्यावर धुतलेलं मलमल लपेटा. पुठ्ठ्याची नळीही चालते, पण तिलाही मलमल हवंच.

साडी रुंदीत तीन पदरी करा, दोन नको. साडीची रुंदी साधारण ११५ सेंटिमीटर, म्हणजे तीन पदरी झाल्यावर ३८, आणि ती बॅगेच्या लांबीत सहज मावते. दोन पदरी केली तर ५७ होते आणि मग ती टोकांना दुमडून कोंबावी लागते. शिवाय दोन पदरीची रेघ नेसल्यावर निऱ्यांच्या मधोमध, मांडीवर येते. तीन पदरीची एक रेघ गुडघ्याच्या खालीवर आणि दुसरी वर कमरेच्या दिशेने जाते, दोन्ही कमी डोळ्यांत भरतात. या दोन लांब घड्यांत साडीभर मलमलच्या पट्ट्या किंवा टिश्यू पेपरच्या सैल सुरळ्या ठेवल्या तर त्याही फारशा उमटत नाहीत. हे कंटाळवाणं काम आहे. भारी जरीच्या साडीपुरतं मी करतो, बाकीच्यांना नाही.

गुंडाळायला सुरुवात पदराकडून नाही, कमरेत खोचायच्या टोकाकडून करा. आतलं वळण सगळ्यात लहान असतं, ते साध्या भागाला मिळू दे. पदर शेवटी सगळ्यात मोठ्या वळणावर येतो आणि त्याच्यावर कसलाच थर नसतो. आधी मी उलटं करायचो, पदर जपायचा म्हणून तो आत ठेवायचो, आणि बाहेरचं सगळं छान नि पदर चुरगळलेला अशी गत व्हायची.

घट्ट ओढून गुंडाळू नका. तीन थर एकत्र वळतात तेव्हा आतला थर बाहेरच्यापेक्षा कमी अंतर कापतो, आणि ओढलं की आतला थर बारीक चुण्या घेतो. हळूहळू, हाताने सपाट करत जायचं. फॉल लावलेली कड जाड होऊन गुंडाळी एका बाजूला चढायला लागते. तसं दिसलं की दुसऱ्या बाजूला मलमल थोडं जास्त घ्या. पूर्ण झाल्यावर बाहेरून मलमल लपेटून दोन ठिकाणी रुंद पट्टीने सैल बांधा, दोरीने नको. रेशमी साडीची ही गुंडाळी १२ सेंटिमीटरच्या आसपास जाड होते. ती बॅगेत सगळ्यात वर आडवी ठेवायची, बाजूला मऊ कपडे लावून. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीच्या जवळपास नको, जर काळवंडते.

ब्लाउज वेगळा. हूक लावून, उलटा करून, छातीच्या भागात मोजे भरून, स्वतंत्र पिशवीत. उघडा हूक जरीत अडकला तर साडीचा धागा ओढला जातो आणि त्याला कुठलीच इस्त्री उपयोगी नाही.

शिफॉन, जॉर्जेट असल्या साड्यांसाठी एवढा खटाटोप नको, कशाही सैल गुंडाळा. खळ दिलेली सुती साडी मात्र जपून गुंडाळली तरी थोडी मोडणारच, कारण खळ वाकत नाही, तुटते. आणि लिननचं काय करायचं विचाराल तर नेसायची तशीच नेसा, त्याचा स्वभावच तो.

गारमेंट बॅगवाल्यांसाठी

गारमेंट बॅग घेतली की चुरगळणार नाही असं नाही. ती केबिनमध्ये न्यायची तर दुमडावीच लागते, आणि दुमडल्यावर वरचे सगळे नियम तिलाही लागू. फरक इतकाच की मोड रुंद असतो आणि कोटाचे खांदे हँगरवर राहतात. घेताना बघायचं ते दुमडायच्या जागेचं बांधकाम: तिथे गादीदार, गोल वळण आहे की नुसती शिवण. नुसती शिवण असेल तर टॉवेलची गुंडाळी तिथे स्वतः ठेवा. तीन घड्यांची बॅग छोटी होते खरी, पण दोन मोड पडतात. कोटासाठी दोन घड्यांचीच बरी.

बॅगेतला मुख्य घोटाळा हँगरचा असतो. ड्रायक्लीनिंगचा तारेचा हँगर खांद्याला टोक पाडतो. रुंद खांद्याचा, शक्यतो बॅगेसोबत आलेला घ्या. कोटाची सगळी बटणं लावा, म्हणजे तो हँगरवरून घसरत नाही. पँट हँगरच्या दांडीवर टाकण्याआधी दांडीला छोटा टॉवेल गुंडाळा, नाहीतर मांडीवर दांडीची रेघ येईल. हँगरचा आकडा बॅगेच्या वरच्या पकडीत नीट अडकला आहे ना ते बघा, आणि आतला आडवा पट्टा कोटाच्या छातीवरून नव्हे, कमरेच्या खालून घ्या. दोन सुटांच्या वर भरू नका. बाहेरच्या खिशात बूट, चार्जर ठेवायला जागा असते. ती रिकामी ठेवा, कारण तो खिसा नेमका कोटाच्या छातीवर असतो.

साडी गारमेंट बॅगेत न्यायची असेल तर रुंदीत तीन पदरी आणि लांबीत दोनदा अर्धी करून, टॉवेल गुंडाळलेल्या दांडीवर टाका. पदर बाहेरच्या बाजूला, आणि टोकं एकत्र धरून खाली सैल पट्टी. जड साडी मात्र हँगरवर फार वेळ लटकवून ठेवू नका, दांडीवरच्या भागाला ताण बसतो.

विमानात ही बॅग दुमडलेल्या मापावर केबिन सामानातच मोजली जाते, त्यामुळे दुसऱ्या बॅगेसोबत ती चालेल की नाही हे तिकिटाच्या नियमांत आधी वाचा. आत गेल्यावर ती वरच्या कप्प्यात आधी टाकू नका, तिच्यावर दुसऱ्यांच्या बॅगा येतात. कप्पा भरू द्या आणि मग सगळ्यांच्या वर सपाट ठेवा. काही विमानांत कपडे लटकवायचं कपाट असतं, कर्मचाऱ्यांना विनंती करून बघा. पण त्याच्या भरवशावर कमी बांधाबांध करू नका.

पोहोचल्यावर

बॅग तशीच कोपऱ्यात ठेवून जेवायला जाऊ नका. आधी कोट रुंद हँगरवर, पँट पायांच्या टोकाला धरून उलटी लटकवा म्हणजे कमरेचं वजन तिला ओढतं, आणि साडी उलगडून दांडीवर. लोकरीचा कोट रात्रभरात बराचसा स्वतःच सावरतो. घाई असेल तर बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडा आणि वाफेत १५ मिनिटं लटकवा, थेंब उडणार नाहीत इतक्या लांब. मग बाहेर काढून निदान अर्धा तास वाळू द्या. इथेच बहुतेक जण चुकतात: वाफेतून काढून लगेच अंगात घालतात, बसतात, आणि कोपर नि गुडघ्यामागे नव्या, आधीच्याहून पक्क्या चुण्या घेऊन उठतात. पॉलिस्टरचा सूट असेल तर या वाफेने फारसं काही होणार नाही. त्याला पातळ कापड मध्ये ठेवून कमी उष्णतेची इस्त्री.

रेशमी जरीच्या साडीला बाथरूमची वाफ देऊ नका. रेशमावर पाण्याचे डाग पडतात. रेघ राहिलीच तर साडी उलटी करून, वर कोरडं मलमल घालून, इस्त्री दोन ठिपक्यांच्या खुणेपर्यंत, म्हणजे १५० अंशांच्या पुढे नाही. जरीवर इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

आता निघायच्या आधी मी एकदा रंगीत तालीम करतो. बॅग पूर्ण भरून रात्रभर उभी ठेवायची, मधे दोनदा घरभर ओढायची, सकाळी उघडून बघायचं. मागच्या वेळी कोटाच्या उजव्या खिशाच्या झाकणावर अजून एक फिकट रेघ होती. मोड पाच सेंटिमीटर खाली सरकवला, गादीत एक टी-शर्ट वाढवला आणि पुन्हा एक रात्र ठेवली. रेघ गेली होती.